एक लाख वर्षांनंतरचे सप्तर्षी कागदावर कसे काढावेत

आकाशातला प्रत्येक तारा आपापल्या दिशेने चालला आहे. आपल्याला दिसणारी त्याची आडवी सरक, म्हणजेच त्याची निजगती, इतकी सूक्ष्म असते की ती विकलांमध्ये मोजावी लागते. एका अंशाच्या ३६०० विकला होतात. सप्तर्षींमधला सगळ्यात जलद तारा क्रतू वर्षाला विकलेचा जेमतेम सातवा भाग सरकतो. माणसाच्या आयुष्यात हे दिसणं शक्य नाही, पण कागद, पट्टी आणि कोनमापक घेऊन तासाभरात लाखभर वर्षांचा हिशेब मांडता येतो. सप्तर्षी मुद्दाम निवडले आहेत. कोणते तारे खरे सोबती आहेत आणि कोणते नुसते एका रेषेत आलेले आहेत, हे या एकाच आकृतीत पाहायला मिळतं.

१. नकाशा तयार करा

संगणकावर Stellarium हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. Ctrl+M दाबून उत्तर दिशा वर आणा आणि सप्तर्षींच्या मधोमध असलेला अत्री निवडून Space दाबा, म्हणजे तो पडद्याच्या मध्यावर येईल. या सॉफ्टवेअरमध्ये ताऱ्यांची नावं पाश्चात्त्य आहेत: क्रतू म्हणजे दुभे, पुलह म्हणजे मेराक, पुलस्त्य म्हणजे फेक्दा, अत्री म्हणजे मेग्रेझ, अंगिरस म्हणजे अलिओथ, वसिष्ठ म्हणजे मिझार आणि मरीची म्हणजे अल्काइद.

आता E दाबून जाळीच्या रेषा दाखवा. या रेषा विसरू नका, का ते पुढे येईलच. चित्र छापताना क्रतू आणि पुलह यांच्यातलं अंतर २.७ सेंटिमीटर येईल असा आकार ठेवा. आकाशात त्यांच्यात ५.४ अंशांचं अंतर आहे, म्हणून कागदावर एक अंश म्हणजे अर्धा सेंटिमीटर होतो. अख्खी आकृती साधारण १३ सेंटिमीटरमध्ये मावते.

२. बाणांची लांबी काढा

प्रत्येक ताऱ्याची लाख वर्षांतली सरक त्या ताऱ्यापासून निघणाऱ्या एका बाणाने दाखवायची आहे. क्रतूचं उदाहरण घेऊ. त्याची निजगती वर्षाला ०.१३८५ विकला आहे. एक लाख वर्षांत १३,८५० विकला झाल्या. भागिले ३६००, म्हणजे ३.८५ अंश. आपल्या कागदावर १.९ सेंटिमीटर.

बाकीच्यांचाही हिशेब असाच करायचा. दिशा मात्र कोनात देतात: उत्तर म्हणजे शून्य, आणि तिथून पूर्वेकडे मोजत जायचं. आकाशाच्या नकाशात उत्तर वर असेल तर पूर्व डावीकडे येते, म्हणून कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजावा लागतो. जमिनीच्या नकाशाच्या सवयीने पूर्व उजवीकडे धरली की सातही बाण उलटे पडतात.

क्रतू: २५५ अंश, १.९ सेंमी
पुलह: ६८ अंश, १.२ सेंमी
पुलस्त्य: ८४ अंश, १.५ सेंमी
अत्री: ८६ अंश, १.५ सेंमी
अंगिरस: ९४ अंश, १.६ सेंमी
वसिष्ठ: १०२ अंश, १.७ सेंमी
मरीची: २६३ अंश, १.७ सेंमी

३. बाण काढा

सगळ्यात जास्त चूक इथे होते. कागदाची वरची कड हीच सगळ्यांची उत्तर समजून बाण काढले, तर पुलहाचा आणि वसिष्ठाचा बाण एकमेकांपासून ३४ अंशांनी फाकतात आणि आकृतीला काही अर्थ लागत नाही. प्रत्येक ताऱ्याची उत्तर ध्रुवाकडे असते, आणि सप्तर्षी आकाशात इतके पसरलेले आहेत की पुलहापाशी ती दिशा एकीकडे झुकते, वसिष्ठापाशी दुसरीकडे. म्हणूनच जाळीच्या रेषा लागतात. ताऱ्याजवळून ध्रुवाकडे जाणारी रेषा पाहा, कोनमापकाचं शून्य तिच्यावर ठेवा आणि मग कोन मोजा.

असं केलं की कागदावर एक सुंदर गोष्ट घडते. पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस आणि वसिष्ठ या पाचांचे बाण जवळजवळ समांतर येतात, सगळे डावीकडे. क्रतू नेमका उलट, उजवीकडे. मरीचीही उजवीकडे, थोडा खाली झुकून. तुमचे पाच बाण समांतर आले नसतील तर जाळीच्या रेषा पुन्हा तपासा.

४. बाणांचा अर्थ लावा

पाच तारे एकाच दिशेने, जवळपास एकाच वेगाने चालले आहेत, हे रिचर्ड प्रॉक्टर यांनी १८६९ मध्ये दाखवून दिलं. अंतरंही तेच सांगतात. हे पाचही आपल्यापासून सुमारे ८० ते ८३ प्रकाशवर्षांवर आहेत, कारण ते एकत्र जन्मले आहेत. लग्नात वसिष्ठाशेजारी जी अरुंधती दाखवतात, तीही याच समूहातली. तिचा बाण वसिष्ठाच्या बाणाशी जवळपास जुळतो.

मरीची १०४ प्रकाशवर्षांवर आहे, क्रतू सुमारे १२३. त्यांचा या पाचांशी काही संबंध नाही. आपण पृथ्वीवरून पाहतो म्हणून ते या ओळीत दिसतात. दूरच्या एखाद्या ताऱ्याजवळून पाहिलं असतं तर ही सात जणांची आकृती जुळलीच नसती.

५. नवी आकृती जोडा

सातही बाणांची टोकं जुन्याच क्रमाने जोडा. क्रतू चौकोनातून बाहेर सरकलेला दिसेल. आज पुलहाकडून क्रतूकडे काढलेली रेषा ध्रुवाकडे जाते, तेव्हा ती बरीच पश्चिमेला कलंडलेली असेल. मरीची आज वसिष्ठाच्या डावीकडे खाली आहे. लाख वर्षांनी तो उजवीकडे खाली गेलेला असेल आणि शेपटी आत मुडपेल. मधला भाग फारसा बिघडत नाही, कारण तो सगळा एकत्रच सरकतो.

खात्री करायची असेल तर Stellarium मध्ये F5 दाबून वर्ष 50000 लिहा. तारे तुमच्या बाणांच्या जवळजवळ मध्यावर आलेले दिसतील. तेव्हा आकाश फिरलेलं असेल आणि जाळी भलतीकडे गेलेली असेल. तो परिणाम पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी घेतो त्याचा आहे. त्याने ध्रुवतारा बदलतो, पण आकृतीचा आकार बदलत नाही. म्हणून तुलना करताना ताऱ्यांची आपसातली अंतरंच मोजा.

बाण सरळ लांबवण्यालाही मर्यादा आहे. हे तारे सेकंदाला १० किलोमीटरच्या आसपास वेगाने आपल्याजवळही येत आहेत. लाख वर्षांत तो फरक तीन-चार प्रकाशवर्षांचा होतो आणि ८० प्रकाशवर्षांपुढे तो किरकोळ आहे. दहा लाख वर्षांसाठी मात्र ही पट्टी-पेन्सिल चालणार नाही.

६. दुसऱ्या तारकासमूहावर करून पाहा

पाच तारे खरोखरच एकत्र असणं हे सप्तर्षींचं वेगळेपण आहे. इतर बहुतेक तारकासमूहांत क्रतू आणि मरीचीसारखेच, एकमेकांशी संबंध नसलेले तारे असतात. हंस तारकासमूह घ्या. त्यातला ठळक डेनेब हजाराहून जास्त प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याचा बाण कागदावर टिंबाएवढाही येत नाही. त्याच समूहात 61 Cygni ही अंधुक तारकाजोडी आहे, अवघ्या ११.४ प्रकाशवर्षांवर. ती वर्षाला पाच विकलांहून जास्त सरकते, म्हणजे साडेतीनशे वर्षांत चंद्रबिंबाच्या रुंदीइतकी. तिच्यासाठी लाख वर्षं धरलीत तर बाण कागदाबाहेर जाईल. हजार वर्षं धरा.