पी आणि एस यांच्यामधले नऊ सेकंद

कोल्हापुरात भूकंपनोंदी वाचायला शिकत होतो, तेव्हा मला पहिल्यांदा चुकायला लावलं ते भूकंपाच्या वेगवान पी लहरीमागून हळू येणाऱ्या एस लहरीनं. नव्यानं येणाऱ्यांना म्हणून तीच नोंद सांगतो.

छोटा धक्का, मध्यरात्रीनंतरचा. पडद्यावर तीन रेघा: HHZ ही जमिनीची वरखाली हालचाल, HHN आणि HHE या आडव्या. पी लहर उभ्या रेघेवर टोकदार उठली होती, 37.4 सेकंदाला. पुढे त्याच रेघेवर 48.4 ला मोठा फुगवटा दिसला, तिथे मी एसची खूण केली. फरक 11 सेकंद.

आता अंतर. वरच्या कवचात पी साधारण सेकंदाला 6 किमी जाते, एस 3.5 किमी. म्हणजे एका किलोमीटरला पीला 0.167 सेकंद लागतात आणि एसला 0.286. दर किलोमीटरला एस 0.119 सेकंद मागे पडते, म्हणून एका सेकंदाचा फरक म्हणजे सुमारे 8.4 किमी. माझं उत्तर आलं 92 किमी. कोयना धरण इथून जवळपास तेवढंच लांब, त्यामुळे मी निर्धास्त.

सरांनी उभी रेघ झाकली आणि म्हणाले, "आता आडव्यांवर बघ." HHE वर 46.6 लाच रेघेची चाल बदलली होती. आधीची बारीक, दाट थरथर संपून लाटा रुंद आणि उंच झाल्या होत्या. एस कण आडवे हलवते, म्हणून तिची सुरुवात तिथेच स्वच्छ दिसते. उभ्या रेघेवर ती पीच्या मागून येणाऱ्या थरथरीत बुडते. मी धरला होता तो सगळ्यात उंच भाग. खूण उंचीवर करायची नसते, चाल बदलते तिथे करायची असते. फरक 9.2 सेकंद, अंतर 77 किमी. म्हणजे धक्का वारणेकडचा असणं जास्त जुळत होतं.

उलटी चूकही होते. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावरून गेल्या की रेघ सतत हलत राहते आणि पीचं बारीक पहिलं टोक हरवतं. पी उशिरा धरली की फरक कमी येतो आणि भूकंप जवळ सरकतो.

घड्याळ दोन सेकंद चुकलं असलं तरी या फरकाला धक्का लागत नाही, कारण दोन्ही वेळा त्याच घड्याळाच्या. पण 8.4 चा गुणक सगळीकडे चालत नाही. किल्लारी इथून पावणेतीनशे किमीच्या आसपास. एवढ्या अंतरावर कवचाच्या तळाखालून, जास्त वेगानं आलेली पी आधी पोचते. तिथे प्रवासवेळेचा तक्ताच काढावा लागतो.

आणि 77 किमी ही फक्त त्रिज्या. ते वर्तुळ बेळगावच्या अलीकडूनही जातं. वारणा म्हणायला मला आणखी दोन केंद्रांच्या नोंदी उघडाव्या लागल्या, आणि तिथेही आधी आडव्या रेघाच बघितल्या.