अनुभवी टीम, तरी डिस्पॅच रोज उशिरा: शेवटी कशानं सुटलं

सहा जणांची टीम, त्यातले चौघे जुने. तरी दुपारी ४ ची गाडी ६ च्या आधी हलत नव्हती. मी रोज कामं वाटून दिली, तासातासाला विचारणा केली, भत्ताही जाहीर केला. उशीर तसाच राहिला, वर जुनी माणसं गप्प झाली. दोन महिने मी हताश होतो.

उलगडा झाला नेतृत्वाचे अभ्यासक रॉबर्ट हाउस यांच्या १९७१ च्या पाथ-गोल सिद्धांतामुळे. माणसाला जे कमी पडतं, तेवढंच नेत्यानं पुरवायचं. काम येणाऱ्याला सूचना दिल्या तर त्याला तो अविश्वास वाटतो.

मग या क्रमानं केलं. आधी प्रत्येकाला एकट्याला विचारलं, “हात कुठे थांबतो?” पाचांचं उत्तर एकच: बिलावरची सही. सही करणारे साहेब ३ नंतरच जागेवर सापडायचे. त्यांच्याशी बोलून ठरावीक रकमेपर्यंतचा सहीचा अधिकार शिफ्टच्या सुपरवायझरला मिळवून दिला. हे आधी झालं नसतं, तर पुढचं सगळं वाया गेलं असतं.

त्यानंतर माणसागणिक नेतृत्वाची शैली बदलली. दोघा नव्यांना लेखी पायऱ्या दिल्या, म्हणजे निर्देशक शैली. गाडी भरायचा क्रम जुन्यांनीच ठरवला, ती सहभागी. त्यातल्या दोघांनी स्वतःहून ३:३० चं लक्ष्य मागितलं, तिथे यशकेंद्री. दिवसभर लेबलं चिकटवणाऱ्याला आधार हवा होता, म्हणून त्याची कामं आलटूनपालटून लावली.

तिसऱ्या आठवड्यापासून गाडी ४ ला निघते. नवे शिकले की त्यांच्या सूचनाही कमी करायच्या; जुन्यांसारखी चुप्पी दिसली, तर तो इशारा समजा.