पिसे कुजत नाहीत, वास मात्र सुटतो: कोंबडीखताच्या ढिगातील या चुका टाळा

इंदूरहून सांवेरकडे जाताना माझ्या मावसभावाचा छोटा पोल्ट्री फार्म आहे. गेल्या हिवाळ्यात तिथे गेलो, तेव्हा शेडमागच्या ढिगाजवळ उभे राहताच डोळ्यांना पाणी आले. फावड्याने ढीग उकरला तर आतून पांढऱ्या पिसांचे गच्च गठ्ठे निघाले. ते दुमडलेले, कोरडे आणि टाकले त्या दिवशी होते तसेच होते. दादा म्हणाला, "सव्वा महिना झाला रे, वास एवढा येतो आणि कुजत काहीच नाही." अमोनियाचा उग्र वास आणि न कुजलेली पिसे या तक्रारी वेगळ्या वाटल्या, तरी पुष्कळदा त्यांचे मूळ एकच असते.

शेडमधली गादी, म्हणजे भाताचे तूस आणि त्यात मिसळलेली विष्ठा, नत्राने आधीच भरलेली असते. पिसे तर जवळजवळ निव्वळ प्रथिनच असतात आणि त्यांच्या कोरड्या वजनात सुमारे १५ टक्के नत्र असते. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या वीस ते तीस पट कार्बन लागतो. तो मिळाला नाही की जास्तीचे नत्र अमोनिया होऊन हवेत उडते. म्हणजे आपल्या डोळ्यांत पाणी आणणारा तो वास वाया जाणाऱ्या खताचाच असतो.

दादाच्या ढिगाचा हिशेब आम्ही मांडला. गादीचे खत ६०० किलो होते आणि ओली पिसे १०० किलो. गादीत पाव भाग पाणी धरले, तर कोरडे ४५० किलो उरते, त्यात सुमारे साडेतेरा किलो नत्र. ओल्या पिसांतून पाणी वजा केल्यावर ४० किलो ऐवज उरतो आणि त्यात सहा किलो नत्र. दोन्ही मिळून कार्बन साधारण १७७ किलो, म्हणजे नत्राच्या जेमतेम नऊ पट. दादाने गव्हाच्या भुशाची आठ गाठोडी, साधारण १०० किलो, घातली होती. त्याने प्रमाण अकरापर्यंतच चढले. ते वीसपर्यंत न्यायला सुमारे ७५० किलो भुसा लागला असता. हा आकडा ऐकून बहुतेकांना धक्का बसतो, पण खत आणि पिसे मिळून जेवढे वजन, साधारण तेवढाच भुसा लागतो हे मनात पक्के केल्याशिवाय पिसांच्या ढिगाला हात घालू नये. गव्हाचा भुसा गुरांच्या चाऱ्यामुळे महाग पडतो, म्हणून माळव्यात सोयाबीनचे कुटार वापरणे सोयीचे. त्यात नत्र थोडे अधिक असल्यामुळे ते आणखी जास्त घ्यावे. लाकडाचा बारीक भुसा मात्र एकट्याने वापरू नये, कारण तो दाबून बसतो, हवा अडवतो आणि फार सावकाश कुजतो.

वास कमी व्हावा म्हणून दादाने ढिगावर चुना टाकला होता. ही चूक समजूतदार माणसांकडूनही होते, आणि मला ती सर्वांत अधिक खटकते, कारण उपाय म्हणून केलेले कामच त्रास वाढवते. चुन्याने ढीग अल्कधर्मी होतो आणि खतात विरघळून राहिलेले नत्र वायू होऊन बाहेर पडते. चुना न घालता ढिगावर चार-सहा बोटे जाड भुशाचा किंवा जुन्या तयार खताचा थर द्यावा. वास बराच तिथेच अडतो.

पिसे पांढरीच राहण्याचे दुसरे कारण पाणी. पिसातले केराटिन हे प्रथिन गंधकाच्या बंधांनी घट्ट बांधलेले असते, आणि पिसांवर तेलकट थर असल्यामुळे पाणी आत जात नाही. त्यांचा थर दिला, की तो छत्रीसारखा पाणी अडवतो, आणि म्हणूनच ते गठ्ठे आतून कोरडे निघाले. पिसे रात्रभर पाण्यात भिजवून, निथळून, हाताने सोडवून भुशात आणि खतात विखरावीत. थर मुळीच देऊ नये. संपूर्ण मिश्रणात निम्म्याहून थोडे अधिक पाणी असावे, म्हणजे या हिशेबाच्या ढिगाला वरून सुमारे ११०० लिटर पाणी हळूहळू द्यावे लागते. मूठभर माल दाबल्यावर एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाणी जास्त झाले असे समजून कोरडा भुसा मिसळावा.

आम्ही ढीग नव्याने रचला: रुंदी दीड मीटर, उंची सव्वा मीटर, खाली सिमेंटचा ओटा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिखल होते, म्हणून ओटा आणि वर छप्पर नसेल तर ढिगातून झिरपणारे पाणी विहिरीपर्यंत जाऊ शकते. तिसऱ्या दिवशी लांब दांड्याच्या तापमापकावर ६० अंश सेल्सिअस दिसले. उघड्यावरच्या अशा ढिगात साल्मोनेलासारखे रोगजंतू मरण्यासाठी आतले तापमान ५५ अंशांच्या वर किमान १५ दिवस राहिले पाहिजे आणि त्या काळात निदान पाच वेळा पलटी झाली पाहिजे. पलटताना बाहेरचा गार माल आत गेला पाहिजे, नाहीतर जंतू आणि माशांची अंडी बाहेरच वाचतात. तापमान ७० अंशांकडे गेले, की कुजवणारे जिवाणूही मरू लागतात, तेव्हा ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता पलटी द्यावी. ढीग तापलाच नाही, तर तो फार लहान, फार कोरडा किंवा गच्च भिजलेला आहे, हे तपासावे. कुजक्या अंड्यांसारखा वास येत असेल, तर आत हवा नाही, हे निश्चित.

पिसे जाळणे हा मार्ग नव्हे; त्यातून गंधकाचा विषारी धूर निघतो. घरच्या भांड्यात उकळूनही ती जनावरांना पचण्याजोगी होत नाहीत, कारण कारखान्यात पिसांची भुकटी दाबाखालच्या वाफेने तयार करतात.

दोन ठिकाणी हात आखडता घ्यावा. मेलेल्या कोंबड्या खतात टाकून ते खत गुरांच्या कुरणात पसरणे धोक्याचे आहे, कारण सडलेल्या मृतदेहांतील बोट्युलिझमच्या विषाने गुरे दगावतात. पक्षी अचानक आणि मोठ्या संख्येने मरू लागले, तर काही ढिगात न घालता, काही बाहेर न नेता आधी पशुवैद्यकीय विभागाला कळवावे. २०२१च्या आरंभी इंदूरमध्ये मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लूचा विषाणू सापडला होता, तेव्हा इथल्या पाळणाऱ्यांनी ही भीती जवळून पाहिली आहे.

साधारण तीन महिन्यांनी खत गडद तपकिरी आणि सुटे झाले. थोडे ओले खत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तीन दिवसांनी उघडले, तर अमोनियाचा वास नव्हता, मातीचा होता. मग आम्ही चाळण लावली. पिसांचा मऊ भाग पूर्ण गेला होता, पण काही जाड दांड्या चाळणीवर उरल्या. पिसांच्या दांड्या सर्वांत उशिरा कुजतात, त्यामुळे दादाने त्या टोपल्यात भरल्या आणि पुढच्या ढिगाच्या मध्यभागी घातल्या. ताज्या खताचे फावडे मात्र तयार खताला लावायचे नाही, म्हणून दुसरे फावडे त्याने लाल रंग लावून वेगळे टांगले आहे.