कव्हर लेटरमधील 'फक्त भाषा' हे दोन शब्द

नोकरीच्या अर्जाची भाषा चॅटजीपीटीसारख्या एआय मॉडेलकडून सुधारून घेतली, तर ते हायरिंग मॅनेजरला सांगावे की नाही, या प्रश्नाने मला नोकरी शोधताना बरेच दिवस छळले. शेवटी मी सांगितले आणि तरीही अडचणीत आलो, कारण मी जे सांगितले ते खरे नव्हते आणि त्या वेळी मला ते ठाऊकही नव्हते.

पत्राच्या शेवटी मी लिहिले होते, 'या अर्जाची फक्त भाषा मॉडेलच्या मदतीने सुधारली आहे.' माझ्या मसुद्यात वाक्य होते, 'मासिक अहवालासाठी आकडे गोळा करण्यात मी सहकाऱ्यांना मदत करत असे.' सुधारून आले ते असे: 'मासिक अहवालाच्या कामाचे नेतृत्व केले.' वाक्य सफाईदार वाटले म्हणून मी ते तसेच ठेवले. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, 'तुमच्या हाताखाली किती जण होते?' कोणीच नव्हते. तसे सांगताच त्यांनी माझे पत्र पुढे सरकवून 'फक्त भाषा' या शब्दांवर बोट ठेवले. ती नोकरी मला मिळाली नाही.

मॉडेलला 'प्रभावी कर' असे सांगितले, की ते शब्दांबरोबर दावाही वाढवू शकते, आणि ही वाढ बहुधा क्रियापदात लपलेली असते. 'शिकत आहे' याचे 'प्रावीण्य आहे' होते, 'मदत केली' याचे 'राबवले' होते. त्यामुळे मूळ मसुदा जपून ठेवावा, दोन्ही प्रती शेजारी ठेवून क्रियापदे, आकडे आणि कालावधी यांखाली रेघ ओढावी, आणि जे वाक्य प्रत्यक्ष प्रसंग सांगून सिद्ध करता येणार नाही, ते मूळ रूपात परत आणावे. 'शुद्धलेखन आणि वाक्यरचना एवढेच सुधार' अशी सूचना दिली तरी ही ताडणी टाळू नये. एवढे केले, की घाबरण्याचे कारण उरत नाही.

त्यानंतरच पत्राच्या शेवटी, सहीच्या आधी, खुलासा लिहावा. मी आता असे लिहितो: 'हा मसुदा माझा आहे. शुद्धलेखन आणि वाक्यरचना यांसाठी मी भाषा-मॉडेलची मदत घेतली असून, प्रत्येक विधान मूळ मसुद्याशी ताडून पाहिले आहे. मूळ मसुदा हवा असल्यास पाठवू शकेन.' यात क्षमायाचना नको आणि मॉडेलचे कौतुकही नको. खुलाशाचे तयार नमुने उतरवून घेणे मला मुळीच पटत नाही, कारण तुम्ही नेमके काय केले ते त्या नमुन्याला ठाऊक नसते. 'सांगूच नका' असा सल्ला देणारे अनुभवी लोकही भेटतील. मुलाखतीच्या खोलीत ते तुमच्या शेजारी बसलेले नसतात.

मात्र जाहिरातीत अशा साधनांना मनाई असेल, तर खुलासा केल्याने ती मनाई उठत नाही. तिथे अर्ज स्वतःच लिहावा. लेखन हेच काम असलेल्या पदासाठीही मी तेच करतो.

पुढच्या एका अर्जाच्या वेळी मॅनेजरांनी खरोखरच मूळ मसुदा मागितला. मी तो अशुद्धलेखनासह पाठवला, आणि मुलाखतीतील सगळे प्रश्न माझ्या कामाबद्दल होते.