फिशिंग ओळखताना या चुका टाळा: लिंक डावीकडून वाचू नका

फिशिंग म्हणजे गळ टाकून पासवर्ड काढून घेणं. 1990 च्या दशकात एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीचे कर्मचारी असल्याचं भासवून लोकांना मेसेज पाठवले जायचे आणि पासवर्ड विचारले जायचे. हा शब्द तेव्हापासून रुळला. गळ आजही तोच आहे, फक्त आता तो बहुतेक वेळा लिंकमध्ये लपलेला असतो.

समजा, मेसेज आला: "तुमचं खातं 24 तासांत बंद होईल, लगेच पडताळणी करा." खाली ही लिंक:

```
https://example.com.login-check.example.net/verify
```

तुमचं खातं example.com वर आहे. सुरुवातीलाच ओळखीचं नाव दिसतं आणि आपण निर्धास्त होतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. `https://` नंतरचा पहिला तिरका दांडा शोधा आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचा. आधी net, मग example. म्हणजे ही साइट example.net च्या मालकाची. त्याच्या डावीकडे तो वाटेल ते लिहू शकतो, तुमच्या खात्याच्या साइटचं नावसुद्धा. काही पत्त्यांच्या शेवटी `co.uk` सारखी जोडी असते. तिथे खरं नाव त्या जोडीच्या लगेच आधी येतं. फोनवर लिंक उघडू नका, बोट दाबून धरा, पूर्ण पत्ता दिसतो. rn आणि m छोट्या पडद्यावर सारखेच दिसतात, तेवढं अक्षर न् अक्षर तपासा.

दुसरी चूक कुलपाच्या चिन्हावर विसंबण्याची. ते चिन्ह एवढंच सांगतं की वाटेत कुणी तुमची माहिती वाचू शकणार नाही. पलीकडे कोण बसलंय, हे त्यातून कळत नाही. त्या चिन्हासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट मिळतं, भामट्यालाही.

पाठवणाऱ्याचं नावही पुरावा नाही, ते कुणीही टाइप करू शकतं. अशुद्ध भाषेची खूण शोधत बसू नका. आता हे मेसेज अनेकदा छान शुद्ध लिहिलेले असतात.

एक खूण मात्र मला फार मोलाची वाटते. पासवर्ड मॅनेजर एरवी पासवर्ड आपोआप भरतो, आणि आज भरत नाहीये? तो पानाचं रूप बघत नाही, पत्ता जुळवतो. अशा वेळी वैतागून पासवर्ड हातानं टाइप करू नका, आधी पत्ता वाचा.

पासवर्ड देऊन बसला असाल तर लाजेपोटी वेळ घालवू नका. ओटीपी दिला असेल तर समोरचा तो त्याच मिनिटाला खऱ्या साइटवर वापरू शकतो. खऱ्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करून पासवर्ड बदला आणि सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा. तोच पासवर्ड इतर कुठे असेल तर तिथेही बदला. खातं ईमेलचं असेल तर सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग आणि रिकव्हरी नंबर जरूर बघा. तिथे अनोळखी पत्ता राहून गेला, तर पासवर्ड बदलल्यावरही तुमचं टपाल भामट्याकडे जात राहतं.