गोणपाटातले शंभर दाणे : कार्यशाळेचे आभार आणि पुढची तारीख

लातूर जिल्ह्यातील आमच्या गावात घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवणक्षमता तपासण्याची कार्यशाळा लागोपाठच्या दोन रविवारी पार पडली. सभामंडप मोकळा करून देणाऱ्या मंदिर समितीचे आणि मधले सहा दिवस गुंडाळ्या ओलसर ठेवणाऱ्या बचत गटातील ताईंचे मनःपूर्वक आभार. कृषी पदवीच्या कार्यानुभवासाठी गावात जाऊन हेच प्रात्यक्षिक घेणार असलेल्या विद्यार्थ्यांसाठी थोडे सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या छायाचित्रात एक काका पोत्यात हात घालताना दिसतात. खरी चूक होते ती इथेच. माझ्या विद्यार्थिदशेत मी घेतलेल्या पहिल्या प्रात्यक्षिकात दाणे टपोरे पाहून वेचले गेले, चाचणी उत्तम आली आणि शेतात मात्र रोपे विरळ उगवली. त्या शेतकऱ्याचे नुकसान मला आजही सलते. म्हणून यावेळी प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठभर बियाणे घेऊन ते एकत्र केले आणि त्यातले 100 दाणे न निवडता, समोर येतील तसे मोजले.

स्वच्छ धुऊन भिजवलेल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, दाण्यादाण्यांत साधारण दीड-दोन सेंटिमीटर अंतर ठेवून मांडल्या (दुसरे छायाचित्र), वर दुसरे ओले गोणपाट घालून सैलसर गुंडाळी केली आणि ती सावलीत ठेवली. गोणपाट ओलसर हवे, निथळते नको. पाणी जास्त झाले की दाणे कुजतात आणि चांगले बियाणेही वाईट ठरते. एका गुंडाळीला आंबूस वास आल्याने ती चाचणी आम्ही रद्द केली.

तिसऱ्या छायाचित्रात त्याच काकांची उघडलेली गुंडाळी आहे. पहिल्या नजरेत 71 दाणे उगवलेले दिसले, पण त्यांपैकी 9 कोंबांना मूळ तरी नव्हते किंवा मान तरी मोडलेली होती. सोयाबीनचे टरफल पातळ असल्यामुळे मळणीत मार बसलेला दाणा असा अर्धवट उगवतो. तो मोजायचा नाही. म्हणजे उगवण 62 टक्के. उगवण 70 टक्के असेल तर एकरी 30 किलो बियाणे लागते आणि त्याखाली दर टक्क्याला अर्धा किलो वाढवायचे, या हिशेबाने काकांना एकरी 34 किलो पेरावे लागेल. दुसऱ्या एका पोत्याची उगवण 48 निघाली. ते बियाणे म्हणून न ठेवता आडतीवर न्यावे, असे आम्ही स्पष्ट सांगितले, कारण 60 च्या खाली नुसते प्रमाण वाढवून भागत नाही.

पुढील कार्यशाळा मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी 8 वाजता याच सभामंडपात सुरू होईल आणि गुंडाळ्या तिसऱ्या रविवारी उघडल्या जातील, म्हणजे पेरणीआधी बियाणे बदलायला वेळ हाताशी राहील. येताना प्रत्येक पोत्याचे पावशेर बियाणे वेगवेगळ्या पिशवीत, पोत्याची खूण लिहून आणावे.