नारळ, जांभा माती आणि सीझियम-१३७: अर्धायुष्य मोजताना या चुका टाळा

गुहागरकडच्या एका वाडीतून एम.एस्सी.चा एक विद्यार्थी माती आणि चार नारळ घेऊन आला. सोबत एक्सेलची शीटही होती. "सर, १९६३ पर्यंतच्या अणुचाचण्यांचं सीझियम साठ वर्षांत दोनदा निम्मं झालं, म्हणजे पाव उरलं. नारळातही पावच उरलं असणार, बरोबर ना?"

मातीपुरतं बरोबर, तेही माती जागची हलली नसेल तर. नारळाचं गणित मात्र वेगळं आहे.

सीझियम-१३७ चं भौतिक अर्धायुष्य सुमारे ३० वर्षं. ते अणूचं घड्याळ आहे, त्याला पाऊस कळत नाही की खत. पण नारळातलं सीझियम दुसऱ्या वाटेनंही घटतं. पावसाने ते मुळांच्या खाली जातं, नाहीतर चिकणमातीच्या कणांत इतकं घट्ट अडकतं की झाडाला मिळत नाही. त्या वाटेने निम्मं व्हायला लागणारा काळ म्हणजे परिसंस्थीय अर्धायुष्य. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू असतात, म्हणून अर्धायुष्यांची बेरीज किंवा सरासरी करायची नाही. बेरीज होते ती घटण्याच्या वेगांची, म्हणजे व्यस्तांची.

माडाच्या बाबतीत हे सगळ्यात नीट मोजलं गेलं ते पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांवर, जिथे बिकिनीला अणुचाचण्या झाल्या. तिथल्या झाडांत परिसंस्थीय अर्धायुष्य साधारण १२ वर्षं निघालं. शीटमध्ये असं घालायचं:

```
=1/(1/30+1/12)
```

उत्तर सुमारे ८.६ वर्षं. हे परिणामी अर्धायुष्य, म्हणजे दोन्ही वाटा मिळून निम्मं व्हायला लागणारा काळ. समजा नारळात आज १००० बेकरेल प्रति किलो आहे. दहा वर्षांनी किती? नुसते ३० वर्षं धरले तर ७९४. दोन्ही वाटा धरल्या तर जेमतेम ४४५. विद्यार्थ्याचा आकडा खऱ्याच्या पावणेदोनपट निघाला असता.

याच्या उलट चूक जास्त चकवते, कारण ती शीटमध्ये दिसत नाही. प्रयोगशाळा बरेचदा मोजमाप एका ठरावीक तारखेला आणून देते, म्हणजे किरणोत्सर्गी क्षय आधीच भरून काढलेला असतो. अशा आकड्यांवर रेषा बसवली की मिळतं ते परिसंस्थीय अर्धायुष्य. न सुधारलेल्या आकड्यांवर मिळतं ते परिणामी. सुधारले नव्हते हे विसरून ८.६ ला पुन्हा ३० वर्षांचा क्षय लावला तर ४४५ चे ३५३ होतात आणि नारळ उगाच स्वच्छ दिसतो. म्हणून अहवालात संदर्भ तारीख शोधायची. सापडली नाही, तर प्रयोगशाळेला फोन करायचा. अंदाज करायचा नाही.

आता मोठी चूक: बिकिनीचे १२ वर्षं उचलून कोकणात लावणं. तिथली माती पोवळ्यांची वाळू आहे, चिकणमाती जवळपास नाही आणि पोटॅश अगदी कमी. सीझियम पोटॅशियमच्या जागी घुसतं, म्हणून ते फळात सहज चढतं (पोटॅश खत दिल्यावर ते खूप कमी झालं), पण पावसाने खालीही जातं. आपली जांभा माती आम्लधर्मी, तिच्यात केओलिनाइट आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. सीझियमला खरी पकड देतं ते इलाइट हे चिकणमातीतलं खनिज, आणि तेच इथे कमी. त्यामुळे काळ्या मातीवर काढलेला आकडाही इथे चालत नाही.

ब्रिटनने हे महागात शिकून घेतलं. १९८६ मध्ये चेर्नोबिलनंतर कुंब्रियातल्या डोंगरी मेंढ्यांवर निर्बंध आले तेव्हा ते तीन आठवड्यांत सुटतील असं सांगितलं होतं. अंदाज सखल भागातल्या चिकणमातीच्या वागणुकीवर बेतलेला होता आणि डोंगरावर होती आम्लधर्मी पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती. शेवटचे निर्बंध उठले २०१२ मध्ये. सुरुवातीला भराभर घट होते आणि मग ती मंदावते, त्यामुळे पहिल्या दोन वर्षांच्या रेषेवरून पुढची वीस वर्षं सांगायची नाहीत.

नमुन्याचंही बघा. सड्यावरून घेतलेल्या मातीत पावापेक्षा कमी सीझियम मिळालं, म्हणजे अर्धायुष्य चुकलं असं नाही. पावसाळ्यात वरची माती धुपून खालच्या खाचरात गेलेली असते आणि बरंचसं सीझियम मातीच्या वरच्या थरालाच चिकटून असतं. खाचरात ते नांगरटीने खोलवर मिसळतं. म्हणून दोन्ही ठिकाणी खोली सारखी ठेवून प्रति चौरस मीटर हिशेब करा. नुसता प्रति किलो आकडा इथे फसवतो.

शेवटी विद्यार्थ्याने नारळाच्या खोबऱ्याची राख हातातल्या गायगर काउंटरजवळ धरली. टिकटिक वाढली, चेहरा उजळला. ते पोटॅशियम-४० होतं. नारळात पोटॅशियम भरपूर असतं, राखेत ते आणखी एकवटतं आणि गायगर कोणाची टिकटिक आहे ते सांगत नाही. गॅमा स्पेक्ट्रममध्ये सीझियमची रेघ ६६२ केईव्हीला दिसते, पोटॅशियमची १४६१ ला. आमच्या डिटेक्टरवर रात्रभर ठेवलेल्या त्या राखेत १४६१ चा सुळका उंच उभा होता. ६६२ जवळ पार्श्वभूमीपेक्षा वेगळं काही दिसलं नाही.